दोन डायच्या मधले आठवडे: पांढरी मुळं झाकायची पावडर, स्प्रे आणि स्टिक

डाय करून तीन आठवडे झाले की भांगात पांढरी रेघ उमटायला लागते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तोवर जेमतेम पाऊण सेंटिमीटर मूळ बाहेर आलेलं असतं. पण समोरच्याला ते पांढरं मूळ म्हणून दिसतच नाही. पांढऱ्या केसाचा रंग टाळूच्या त्वचेत मिसळून जातो आणि दोन्ही बाजूंच्या गडद केसांमुळे भांगच रुंद झाल्यासारखा दिसतो. पार्लरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या बायका विचारतात, ‘केस विरळ झालेत का हो माझे?’ निम्म्या वेळा केस तेवढेच असतात, फक्त मुळं पांढरी झालेली असतात.

लगेच पुन्हा डाय करणं हा त्यावरचा उपाय नाही. डाय दर वेळी टाळूला लागतो, आणि बहुतेक काळ्या-तपकिरी डायमध्ये असलेल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी कधीतरी एकदम उपटते. वर्षानुवर्षं लावणारीलाही ती अचानक होऊ शकते. शिवाय घाईत लावलेला रंग आधीच रंगलेल्या भागावर चढतो आणि मुळाशेजारी एक जास्त काळा पट्टा तयार होतो. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांचं अंतर पाळायचं आणि मधली मुळं तेवढ्यापुरती झाकायची, हे बरं.

झाकायच्या वस्तू तीन प्रकारच्या मिळतात: दाबून बसवलेली पावडर, डब्यातला स्प्रे आणि लिपस्टिकसारखी मेणाची स्टिक. मस्कऱ्यासारखा छोटा ब्रश असलेली नळीही मिळते, ती मी स्टिकच्याच घरातली धरते. या सगळ्यांचं काम सारखंच. रंगाचे कण केसावर बाहेरून बसतात आणि शाम्पूने निघून जातात. केसाच्या आत काही शिरत नाही.

आधी लेबल वाचा

दुकानात ‘हेअर कलर स्टिक’ किंवा ‘रूट टचअप’ नावाने जे मिळतं, ते सगळं झाकायचंच असतं असं नाही. काही खोक्यांत चक्क डाय असतो. ओळखायची खूण सोपी आहे. घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साईड किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसले तर ते खनिज रंग आहेत. फाउंडेशनमध्ये आणि भुवयांच्या पेन्सिलीत असतात तेच. कधी त्यांच्या जोडीला मायका म्हणजे अभ्रकाचा चुरा असतो, कधी मेण. पण यादीत पॅरा-फिनिलिनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, असेल, दोन पुड्या कालवायला सांगितलं असेल, किंवा ‘लावून अर्धा तास ठेवा’ असं लिहिलं असेल, तर तो डाय आहे, मग नाव काहीही असो. ज्यांना डायने खाज येते किंवा कानामागे पुरळ उठतं त्यांनी तर ही यादी दुकानातच वाचावी.

खनिज रंगवाली वस्तूसुद्धा पहिल्यांदा वापरताना कानामागे थोडी लावून एक दिवस वाट पाहा. त्यात सुगंध असतो, प्रिझर्व्हेटिव्ह असतात, आणि काहींना तेही चालत नाहीत.

शेड निवडताना काळ्याचा मोह टाळा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘माझे केस काळे’ म्हणून बाई काळी स्टिक घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर काजळ फासल्यासारखी दिसते. डाय केलेला काळा केस तीन आठवड्यांत दोन-चार धुण्यांनी उतरतो, उन्हात तपकिरी झाक मारतो. त्याच्या शेजारी निखळ काळा रंग बसला की वेगळा उठून दिसतोच.

शेड जुळवायची ती केसांच्या टोकांशी नाही, तर पांढऱ्या मुळाच्या लगेच खाली जो दोन-तीन बोटांचा रंगलेला भाग असतो, त्याच्याशी. टोकं नेहमी जास्त फिकी असतात. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आरसा धरून बघा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तपकिरी आणि काळा एकच वाटतो. दोन शेडमध्ये अडकलात तर भांगासाठी गडद आणि कपाळाच्या रेषेसाठी एक पायरी फिकी घ्या. कपाळाशी रंग त्वचेवर थोडा तरी लागतोच, आणि फिका असला तर तो सावलीसारखा दिसतो, डागासारखा नाही.

मेंदी लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नुसत्या मेंदीने पांढरे केस केशरी-तांबूस होतात, काळ्यांवर फक्त लालसर झाक येते. म्हणजे डोक्यावर मुळातच दोन रंग असतात. तिथे काळी किंवा साधी तपकिरी पावडर लावली की मुळाशी काळी पट्टी आणि खाली तांबूस केस असा जोड दिसतो. लालसर तपकिरी शेड घ्या, दुकानदार त्याला बर्गंडी किंवा ऑबर्न म्हणेल, आणि त्यात गडद तपकिरी अगदी थोडी मिसळा. पावडरमध्ये हे मिसळणं सोपं जातं. ब्रश दोन्ही डब्यांत एकेकदा फिरवायचा, झालं. स्प्रेत ते जमत नाही. म्हणून मेंदीवाल्यांना मी स्प्रे सुचवतच नाही.

लावण्याआधी

केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. तेलकट मुळावर पावडरचे गोळे होतात आणि स्टिक पकडच घेत नाही, घसरत जाते. ओल्या केसावर लावलेला रंग वाळताना सरकून टाळूवर उतरतो. ड्रायर, स्ट्रेटनर, जे काही गरम करायचं ते सगळं आधी उरका. नंतर केलंत तर मेण वितळतं आणि स्ट्रेटनरच्या पट्टीला काळं चिकटतं.

भांग ज्या बाजूला पाडून बाहेर जायचंय तो आधी पाडून घ्या. रंग लावल्यावर भांग बदलला की खालचं सगळं पांढरं पुन्हा वर येतं. अंगावर जुना टॉवेल घ्या आणि कपडे नंतर बदला. चेहऱ्याचा मेकअपही नंतर, कारण पावडर कपाळावर सांडतेच. ती आधी ओल्या कापसाने पुसून मग फाउंडेशन लावलं तर डाग राहत नाहीत.

आणि एक: सगळं डोकं झाकायची गरज नसते. लोक समोरून बघतात तेव्हा त्यांना दिसतं ते भांगाचं पुढचं चार बोटांचं अंतर आणि दोन्ही कानशिलं. मागचे केस बांधणार असाल तर बांधताना वर ओढली जाणारी मानेकडची रेघ, एवढंच. यापलीकडे लावलेला प्रत्येक थर उशीवर आणि कॉलरवर उतरणार आहे, हे धरून चाला.

पावडर: भांगासाठी

नवीन माणसाने सुरुवात पावडरने करावी असं माझं मत. चुकलं तर ब्रशने झटकून काढता येते, हा तिचा मोठा गुण.

बहुतेक डब्यांसोबत दोन तोंडांचा छोटा ब्रश येतो, एका टोकाला आखूड ताठ केस आणि दुसऱ्या टोकाला बारीक. ताठ टोक पावडरवर हलकं फिरवा आणि डब्याच्या कडेवर एकदा ठोका. ठोकणं विसरलं की पहिला ठिपका सगळ्यात काळा पडतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी भांगाच्या एका बाजूचे केस थोडे ताणून धरा. मग ब्रश मुळापासून बाहेरच्या दिशेने, केसाच्या कलाने ओढा. घासू नका. दाबत दाबत पुढे जा, पांढरा पट्टा संपेल तिथून आणखी अर्धा सेंटिमीटर रंगलेल्या भागावर न्या, म्हणजे जोड दिसत नाही. मग तीच बट वर उचला आणि खालच्या बाजूनेही एक हात मारा. ही खालची बाजू बहुतेक जणी सोडून देतात. मग वाऱ्याने बट उडाली की आतून पांढरं चमकतं.

भांगाच्या रेषेत टाळूवर थोडीशी पावडर गेली तर पुसू नका. उलट तिथे मुद्दाम अगदी हलका हात दिला तर रुंद वाटणारा भांग पुन्हा अरुंद दिसतो. पण रेघ सरळ काळी होईपर्यंत नाही. भांग नाहीसा झाला की डोकं विगसारखं दिसतं. भांग किंचित वाकडातिकडा पाडला तर पावडर कमी लागते आणि सगळं सहज दिसतं.

शेवटी मोठा मऊ ब्रश फिरवून सुटी पावडर झाडा आणि हेअरस्प्रे हातभर अंतरावरून एकदा मारा.

स्प्रे: झटपट, पण सांभाळून

सगळ्यात जास्त खप स्प्रेचा आहे आणि सगळ्यात जास्त बिघडतोही तोच. कारण अंतर. नोझल पाच सेंटिमीटरवर धरलं की एक काळा ओला गोल पडतो. दहा ते पंधरा सेंटिमीटरवरून, म्हणजे वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावरून, बोट दाबून लगेच सोडायचं. एक थेंबासारखा झोत, हात पुढे सरकवा, पुन्हा एक. एका जागी हात थांबवायचा नाही. आधी डबा नीट हलवा, नाहीतर रंग तळाशी राहतो आणि नुसतं द्रव बाहेर येतं. पहिला झोत टिश्यूवर मारून पाहा.

कपाळाच्या रेषेवर मारताना दुसऱ्या हाताने जाड कागद किंवा जुनं व्हिजिटिंग कार्ड केस उगवतात त्या रेषेवर आडवं धरा, डोळे मिटा, श्वास रोखा. मग एक मिनिट हात लावू नका. वाळायच्या आधी कंगवा फिरवला की रंग कंगव्यावर येतो आणि केसावर रेघोट्या उरतात. वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने एकदाच, हलक्या हाताने.

या डब्यात ज्वालाग्राही वायू असतो. गॅसजवळ, समईजवळ, पेटलेल्या उदबत्तीजवळ तो वापरू नका, आणि बंद बाथरूममध्ये तर नाहीच. दम्याचा त्रास असेल तर पावडर किंवा स्टिक घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवू नका. रिकामा झाला तरी त्याला भोक पाडू नका.

स्टिक: पर्समध्ये ठेवायची

स्टिक कानशिलांसाठी आणि अचानक लागणाऱ्या दुरुस्तीसाठी. कानशिलावरचे केस बारीक आणि आखूड असतात, त्यावर पावडर टिकत नाही. तिथे मेण पकड घेतं. मात्र स्टिक थेट केसावर लिपस्टिकसारखी घासली की केस एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे होतात. त्यापेक्षा स्टिकवर जुना, धुतलेला मऊ टूथब्रश किंवा मस्कऱ्याचा ब्रश घासा आणि तो केसावरून फिरवा. रंग कमी लागतो आणि केस सुटे राहतात. कपाळाशी लहान, कोवळे केस असतात, त्यांना ब्रश वरच्या दिशेने आणि मग खाली, असा दोन्ही बाजूंनी लावा.

मे महिन्यात स्टिक पर्समध्ये मऊ पडते. वापरायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की पुन्हा कडक होते.

मे महिन्यातलं लग्न: एक उदाहरण

पन्नाशीच्या एक ताई दरवर्षी येतात. डाय गडद तपकिरी, पुढचे केस जवळपास पूर्ण पिकलेले, मागचे निम्मे. भाचीचं लग्न कोल्हापूरला, मुहूर्त सकाळचा, डाय करून चौथा आठवडा चालू, आणि लग्नाच्या दोनच दिवस आधी अंगाला पुरळ उठून गेलेलं, म्हणून डाय करायचा नाही असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी केस साध्या शाम्पूने धुतले, कंडिशनर फक्त टोकांना लावलं. मुळाशी कंडिशनर राहिलं तर पावडर घसरते. सकाळी आंघोळ करून, केस पूर्ण वाळवून, मागे अंबाडा घातला. पैठणी अजून नेसलेल्या नव्हत्या, आणि ते बरंच झालं. गडद तपकिरी पावडर भांगाच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंनी. कानशिलांना एक शेड फिक्या स्टिकने, ब्रशने. मागे अंबाड्याच्या कडेने जी पांढरी रेघ वर आली होती तिथे पावडरचा एकच हात. गजरा जिथे बसणार होता तिथे काही लावलं नाही. गजरा ओला असतो, त्याचं पाणी मानेकडे उतरतं आणि रंग सोबत नेतं. शिवाय तिथले केस फुलांनी झाकलेच जाणार होते.

मग टिश्यू घेऊन भांगावर हलकंच दाबलं. टिश्यूवर फिकट तपकिरी सावली आली, तर ठीक. ठळक ठसा उमटला असता तर सुटी पावडर पुन्हा झाडून हेअरस्प्रेचा आणखी एक हात दिला असता. मग कपाळ पुसून मेकअप, मग साडी, शेवटी कुंकू. हळदीकुंकवाला किंवा लग्नात कोणी भांगात कुंकू भरणार असेल तर भांगाच्या सुरुवातीची बोटभर जागा मोकळी ठेवा. तिथे पावडरवर कुंकू पडलं की मातकट चिखलासारखा रंग होतो.

हॉलमध्ये उकडत होतं, तेव्हा पर्समध्ये त्यांनी दोनच गोष्टी ठेवल्या होत्या: टिश्यू आणि स्टिक. घाम आला की कपाळ पुसायचं नाही, टिश्यू दाबून उचलायचा. रुमालाने डावीकडून उजवीकडे पुसलं की कपाळावर तपकिरी पट्टा ओढला जातो, आणि तो फोटोत दिसतो. दुपारी जेवणानंतर कानशिलांना स्टिकचा एक हात लागला, भांग तसाच राहिला.

पावसाळ्यात मात्र हेच गणित चालत नाही. मुंबईत लोकलमध्ये छत्री मिटून चढताना डोकं भिजतंच. पाण्याला टिकणाऱ्या पावडरी मिळतात, पण टिकतात म्हणजे शिंतोड्याला, धारेला नाही. त्या दिवसांत मेणाची स्टिक बरी, आणि भांगावर ओढणी किंवा स्कार्फ. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटच्या आत सुती टोपी घालावी, नाहीतर अस्तर काळं होतं आणि तोच रंग नंतर कपाळाला परत लागतो.

रात्री काढून टाका

रंग लावून झोपू नका. उशीला डाग पडतात तो भाग सोडा, टाळूवर घाम, तेल आणि रंग मिळून थर बसतो आणि दोन दिवसांत खाज सुटते. पावडर आणि स्प्रे साध्या शाम्पूने निघतात, पण दोनदा लावावा लागतो. पहिल्या फेसाला पाणी तपकिरी येतं, दुसऱ्याला स्वच्छ आलं की थांबा. मेणाच्या स्टिकला नुसता शाम्पू पुरत नाही. आधी खोबरेल तेलाचे चार थेंब बोटांवर घेऊन तेवढ्याच जागी चोळा, दहा मिनिटं थांबा, मग शाम्पू. कपाळावर राहिलेला डागही तेलानेच निघतो.

रोज धुणं शक्य नसेल, आणि बहुतेकींना नसतंच, तर रोज लावूही नका. ऑफिसला जाताना कानशिलांना स्टिक पुरते, भांगाची पावडर महत्त्वाच्या दिवसांसाठी ठेवा. लावल्यावर टाळू लाल झाली, बारीक पुळ्या आल्या किंवा खाज दुसऱ्या दिवशीही राहिली, तर वस्तू बंद. टाळूवर जखम किंवा सोरायसिसची खपली असेल तिथे काहीच लावायचं नाही.

मूळ दीड-दोन सेंटिमीटर बाहेर आलं की या तिन्हींचा उपयोग संपतो. एवढी लांबी झाकायला थर जाड द्यावा लागतो, केस निस्तेज आणि कडक दिसतात, आणि हात लावला की बोटाला रंग येतो. मग डायची वेळ झाली असं समजा. डायच्या आदल्या दिवशी मुळं तेल न लावता दोनदा शाम्पूने स्वच्छ धुवा. स्टिक वापरत असाल तर ती दोन दिवस आधीच बंद करा आणि तेलाने काढून टाका, कारण केसावर मेण राहिलं की डाय आत शिरत नाही आणि कानशिलाचे नेमके तेच केस पांढरे राहतात. पार्लरमध्ये जात असाल तर रंगवणारीला सांगा की मुळांवर काय लावत होतात. ती आधी एक बट धुऊन पाहील.